अंडेवाल्याचा बायोडेटा

मनिलाच्या कालाव रस्त्यावर बोटीवरची नोकरी शोधणाऱ्यांची रोज जत्रा भरते, आणि त्या जत्रेत पासिंगच्या टपरीवर बायोडेटा टाइप करून मिळतो. पासिंगने आजवर कितीतरी स्वयंपाकी समुद्रापार धाडले होते. तिच्या संगणकात एक ठरलेला मजकूर होता: इटालियन, फ्रेंच, मेक्सिकन, भारतीय, जपानी, सगळे पदार्थ उत्तम येतात. नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा, झालं. बिचाऱ्याने आयुष्यात भाताशिवाय काही शिजवलेलं नसलं, तरी कागदावर तो अर्धं जग जेवू घालून आलेला असे.

तोरियो गालेगोने मात्र तिला पहिल्याच ओळीला थांबवलं.

"ताई, हे सगळं काढ."

"काढू? अरे, सगळेच लिहितात."

"मला नाही येत ते. मी अकरा वर्षं अंडी केली."

पासिंगने चष्मा कपाळावर चढवला. "फक्त अंडी?"

"मोठ्या प्रवासी बोटीवर. सकाळच्या न्याहारीला हजार-बाराशे माणसं. दुपारी कोशिंबिरीचं चिरायचं, पण ते कुणीही करतं."

"आणि आता मालवाहू बोटीवर मुख्य स्वयंपाकी व्हायचंय तुला? तिथे भटारखान्यात एकटाच असशील. ब्रेड तूच, सूप तूच, मांस कापायचं तूच. या कागदावर तुला कुणी कांदे सोलायलाही घेणार नाही, अंडेवाल्या."

तोरियो हसला, पण हटला नाही. मालवाहू बोटीच्या स्वयंपाक्याचा सरकारी दाखला त्याने सुट्टीत शिकून मिळवला होता. त्याला चव्वेचाळिसावं लागलं होतं, आणि यानंतर नव्या माणसाला वर चढवायला एजन्सीवाले नाक मुरडतात हे त्याला ठाऊक होतं. अकरा वर्षं तो दुसऱ्याच्या भटारखान्यात एका तव्यापुढे उभा राहिला. मरण्याआधी एकदा तरी आपला म्हणावा असा भटारखाना हवा, एवढीच त्याची हाव होती. आणि तोच भटारखाना तो खोटं लिहून मिळवायला तयार नव्हता. मला विचाराल तर माणूस थोडा अडाणीच म्हणायचा, पण असा अडाणीपणा पाहिला की बरं वाटतं.

शेवटी पासिंगने हात टेकले. 'येणारे पदार्थ' या रकान्यात एकच शब्द राहिला: अंडी. माणसांच्या संख्येपुढे बाराशे. स्वच्छतेपुढे मात्र तोरियोने भरभरून लिहायला लावलं: कच्चं मांस कापायची फळी वेगळी, भाजीची वेगळी, प्रत्येक भांड्यावर कधी शिजवलं त्या वेळेची पट्टी, पट्टी नसलेलं अन्न कचऱ्यात, आणि आरोग्य तपासणीत त्याच्या विभागाला एकदाही ताशेरा नाही.

खलाशांची भरती करणाऱ्या एजन्सीत परीक्षा घ्यायला मेयर हिलारियो होता. मालवाहू बोटीवरच्या मुख्य स्वयंपाक्याला आमचे खलाशी मेयरच म्हणतात. भटारखाना हे त्याचं राज्य, आणि तिथे कप्तानही विचारून पाऊल टाकतो. हिलारियो निवृत्त झाला तरी ती पदवी त्याला चिकटून राहिली होती, आणि ती दुसऱ्या कुणाला लावताना त्याची जीभ फार जड होत असे.

त्याने कागद वाचला आणि पोट धरून हसला. "अंडी! अरे, मी अंडं फोडायला नवऱ्या मुलींना शिकवतो. जा, आत जाऊन ओटा आवरून ठेव. मी आलोच."

आतल्या भटारखान्यात शेगडीवर एक मोठं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. तोरियोने झाकण काढलं. गोमांसाचा रस्सा, वर चरबीची साय धरलेली. पट्टी नाही, वेळ नाही, शेगडी बंद. त्याने खिशातला तापमापक आत बुडवला. रस्सा कोमट होता, म्हणजे जंतूंना हवा तसा. अकरा वर्षांच्या सवयीने हात पुढे गेले, आणि पातेलं कचऱ्याच्या डब्यात रिकामं झालं.

हिलारियो दारात आला तेव्हा तोरियो पातेलं घासत होता.

"माझा रस्सा कुठंय?"

"टाकला."

हिलारियोने कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलं. पहाटे उठून शिजवलेला तो रस्सा एजन्सीच्या कप्तान विलारूसच्या जेवणासाठी होता. आज बोटीच्या कंपनीचे दोन पाहुणेही होते, कोचीचे कुरियन आणि युक्रेनमधल्या ओडेसाचे बोहदान.

"प्रवासी बोटीवर रोज किनारा लागतो, तिथे टाक," हिलारियो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "पुढचं बंदर तीन आठवड्यांवर असताना तू असं पातेलं ओतलंस, तर एकवीस माणसं काय खातील? तुझा दाखला खातील?"

 आपला भटारखाना त्या कचऱ्याच्या डब्यात गेला, हे तोरियोला लख्ख दिसत होतं.

"चूक झाली," तो म्हणाला. "टाकण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण सकाळीच उथळ ताटांत ओतून गार करून फ्रिजमध्ये ठेवला असता, तर टाकावाच लागला नसता."

"मला शिकवतोस? अर्ध्या तासात कप्तान, कोचीचे साहेब आणि ओडेसाचे साहेब, तिघं जेवायला बसतील. फ्रिजमध्ये आहे त्यातून घाल जेवायला. बाजारात जायचं नाही."

फ्रिजमध्ये होतं ते म्हणजे अंडी, वांगी, टोमॅटो, कांदे, लसूण, मिरच्या, पाव आणि कालचा भात.

"भात नाही फेकणार का, साहेब?" हिलारियोने टोमणा मारला.

तोरियोने भातात तापमापक खुपसला. "गार आहे. चालेल."

मग त्याने हात धुतले आणि बाहेर डोकावून फक्त एवढंच पाहिलं की कोण कोण बसलंय. हिलारियो हाताची घडी घालून बघत राहिला, आणि हळूहळू ती घडी सुटली. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फुटत होतं, वास घेऊनच पुढे जात होतं. कवच हाताळलं की हात धुतले जात होते. ओट्यावर एक थेंब नव्हता. एका शेगडीवर वांगी भाजत होती, दुसरीवर लसणाचा भात परतला जात होता, तिसरीवर तवा तापत होता, आणि माणूस मात्र घाईत दिसत नव्हता. इतकं देखणं काम हिलारियोने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्याला त्याचा रागही येत होता.

कप्तानापुढे भाजलेल्या वांग्याचं ऑम्लेट आणि लसणाचा भात गेला, फिलिपिनो घरात आई करते तसा. कुरियनसाहेबांना कांदा-मिरचीचं, दोन्ही बाजूंनी खरपूस, आत जराही ओलं नाही. बोहदानला टोमॅटोवर फोडलेली, बलक हलता ठेवलेली अंडी आणि भाजलेला पाव.

 बाहेरून कुरियन म्हणाले, "मिरची कुणी घातली? आमच्याकडे अशीच घालतात." बोहदानने बोलण्याऐवजी पाव मागितला.

"तुला कसं कळलं कुणाला काय?" हिलारियोने विचारलं.

"अकरा वर्षं माझ्या तव्यापुढे रांग असायची. जपानी माणूस गोडसर मागायचा, मेक्सिकन झणझणीत. भारतीय ओलं दिसलं की परत करायचा, युक्रेनी टोमॅटोवर फोडून मागायचा. सकाळी उठल्या उठल्या माणूस परक्याचं खात नाही. त्याला घरचंच हवं असतं."

"मग हे कागदावर का नाही लिहिलंस?"

"तिथे येणारे पदार्थ विचारले होते. मला अंडीच येतात."

"आणि एकवीस जणांना महिनोन्‌महिने अंडीच घालणार?"

"नाही. बाकीचं दाखल्यापुरतं शिकलोय, आणखी शिकीन. पण कुणाला काय हवं ते आधी विचारीन."

कप्तान विलारूस रिकामी बशी घेऊन स्वतःच आत आला. "हिलारियो, रस्सा करणार होतास ना? आणि या माणसाचं काय ठरलं?"

 हिलारियोने तो बायोडेटा उचलून कप्तानाच्या हातात दिला, कोपऱ्यातलं घासलेलं पातेलं ओट्यावर आणून ठेवलं आणि वेळेच्या पट्ट्यांचा गठ्ठा शोधू लागला. तो मिळाल्यावर त्याने तोरियोपुढे सरकवला.

"मेयर," तो म्हणाला, "उद्या मी पुन्हा रस्सा करतोय. पट्टी तुम्ही लावा."