आई पाणी पीत नव्हती

धाकट्या बहिणीचं आणि माझं भांडण स्वयंपाकघरात झालं. तिथलं दार आईच्या खोलीकडे उघडतं, हे भांडताना दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. आईला बघायला दिवसभरासाठी एखादी बाई ठेव, असं तिचं म्हणणं. सल्ला देणाऱ्यांनी आधी एकदा चादर बदलून दाखवावी, असं मी सुनावलं. माझी जीभही काही कमी नाही. त्यावर ती म्हणाली, "आई तुला ओझं झालीय. लोकांनी वाहवा करावी म्हणून तू ओढतेयस फक्त." पलीकडे आईचा रेडिओ बंद झाला.

कंबरेचं हाड मोडल्यापासून आईला आधाराशिवाय उठता येत नाही. दर वेळी बाथरूमला न्यायचं तर मशीनवरचं काम सोडून मी उठते. घरीच मी लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करते, चेन बदलणं, पँट आखूड करणं, असलं काहीबाही. त्या भांडणानंतर आईने पाणी कमी केलं. पेला भरून ठेवावा, तर तो तसाच. जीभ कोरडी, लघवी गडद. पाणी वाढवा, नाहीतर सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने मान हलवली आणि घरी येऊन एक घोट घेतला. विचारलं तर म्हणे, तहानच नाही. कमी प्यायली की मला कमी वेळा उठावं लागतं, हे न कळायला मी काय दूधखुळी आहे? तू ओझं नाहीस, असं सांगून सांगून घसा कोरडा केला. पण माझ्याच तोंडून ते ऐकून उपयोग काय? आरोपीनेच स्वतःच्या बाजूने साक्ष दिल्यासारखं झालं ते.

आधी धाकटीचा मेसेज आला, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. 'असेल तर' वाचून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मग ती फळांची पिशवी घेऊन आली आणि दारातच सुरू झाली, चुकले गं, पण मीही त्या दिवशी दमलेली होते, पण तूही किती टोचून बोललीस. मी पिशवी घेतली आणि चहाही विचारला नाही. फळं आईने खाल्ली नाहीत. मी दमले होते, खरंच दमले होते, आणि रुसायलासुद्धा अंगात जोर लागतो.

काही दिवसांनी ती पुन्हा आली, या वेळी रिकाम्या हाताने. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या बोलण्याने काय झालं, ते सांग. मी मधे बोलणार नाही."

मी पाण्याचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. आईने ऐकलं होतं हे तिला माहीतच नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, "मी तिच्याशी बोलू? तुझ्यासमोर. बोलले तुला, पण लागलं तिलाही." चालेल म्हणताना माझा आवाज कोरडाच होता.

आईच्या पलंगाशी ती खाली बसली.

"आई, त्या दिवशी मी म्हणाले की तू ताईला ओझं झालीस आणि ती वाहवा मिळावी म्हणून करते. ते खोटं होतं. ताई दमते, हे खरं आहे. दमणं वेगळं आणि नकोशी होणं वेगळं, हे मला कळत होतं. मी येत नाही, त्याची मला लाज वाटत होती, म्हणून तिला लागेल असं शोधून बोलले." मग माझ्याकडे वळली. "ताई, मी चुकले. तू लगेच माफ कर असं म्हणत नाही. बुधवारी आणि रविवारी आईला मी बघेन. कसं उचलायचं ते मला आत्ता दाखव."

गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. माझा राग निवला, पण गेला नाही, आणि मी तसं सांगितलंही. तिने मान डोलावली. मग मीही सांगून टाकलं की चादरीचं ते बोलणं माझ्याही तोंडी शोभलं नाही. काखेखाली हात कसा घालायचा, गुडघे कसे वाकवायचे, ते दाखवलं. पहिल्यांदा ती चुकली आणि आई कण्हली. दुसऱ्यांदा जमलं.

आई पलंगाच्या कडेला बसून आम्हा दोघींकडे बघत होती.

"दमतेस ना गं खूप?" तिने मला विचारलं.

आजवर मी नाही म्हणत आले होते. आता म्हटलं, "दमते, आई. पण तू हवीस."

तिने पेल्याकडे हात केला. अर्धा भरलेला होता, तोच मी तिच्या हातात दिला.

"एवढ्याने काय होतंय," आई म्हणाली, "भरून दे."