बिनचूक साचा

मी बाळाराम, तीस वर्षं सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे बांधणारा सुतार. पडघ्याच्या साइटवर चार टॉवर, मिळून ऐंशी मजले, सगळे हुबेहूब सारखे. बिल्डर हरेशशेठ मला म्हणाले, "तुझं प्लाय दहा-बारा वेळा वापरलं की फुगतं. लोखंडी साचा उचलायला क्रेन लागते. ॲल्युमिनियमच्या साच्याची पाटी एक माणूस उचलतो आणि ती शंभर-दीडशे वेळा चालते!"

खोटं नव्हतं ते. पण साचा आधी जोडून तपासायला शेठना कारखान्यात बोलावलं, तेव्हा त्यांनी साच्याला फक्त हार घातला आणि फोटो काढला.

नऊ मजले भिंती आणि स्लॅब एकत्र, गुळगुळीत ओतले गेले. मग सॅम्पल फ्लॅटमध्ये फ्रिज आला, तो स्वयंपाकघराच्या दारातच अडकला. दार दोन फुटांचं!

"रुंद कर," शेठ म्हणाले.

मी म्हणालो, "प्लाय असतं तर पुढच्याच मजल्याला करवत लावली असती. हे न्हाय कापता येत. नव्या पाट्या मागवा, आणि खालच्या नऊ मजल्यांच्या काँक्रीटच्या भिंती फोडा."

शेठनी जाहिरात बदलली: 'हॉलमध्येच फ्रिज! पाहुण्यांना गार पाणी हाताशी.'

साचा मात्र ठणठणीत आहे. उरलेल्या एकाहत्तर मजल्यांवर तो हीच चूक अगदी बिनचूक ओतणार आहे.