माझीच सूचना, मलाच लागू

आमच्या पंपांच्या कारखान्यात मला सगळे ‘मुदतवाले’ म्हणतात. मी कार्मिक विभागात असतो आणि कोणत्याही कागदाची शेवटची तारीख फलकावर लावण्याचं काम माझ्याकडे आहे. सूचना लिहायला मला मनापासून आवडतं. गेल्या डिसेंबरात मी लिहिलं होतं: ‘कर वाचवण्यासाठी केलेल्या गुंतवणुकीचे पुरावे दहा जानेवारीपर्यंत लेखा विभागात द्यावेत. उशीर झाल्यास कोणतीही सबब चालणार नाही.’ यातलं दुसरं वाक्य मला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. ती माझी हौस.

तर अठरा मार्चला हाच मुदतवाला बगलेत फाईल घेऊन लेखा विभागाच्या दारात उभा होता.

घडलं ते असं. एप्रिलमध्ये पगारावरच्या कराची जुनी पद्धत हवी की नवी, हे कळवायचं असतं. जुनीत गुंतवणुकीची सूट मिळते, नवीत ती मिळत नाही पण दर कमी असतात. मी ऐटीत जुनी निवडली. खाली गुंतवणुकीचा रकाना होता, तिथे ‘नंतर कळवतो’ म्हणून शून्य लिहिलं. म्हणजे दर जास्त आणि सूट काहीच नाही. दोन्हीकडून मार खाण्याची एवढी नेटकी सोय मी स्वतःच स्वतःसाठी केली होती. महिन्याला पंधरा हजार कापले जात होते आणि पगाराची चिठ्ठी न वाचता मी ती घडी करून ड्रॉवरमध्ये टाकत होतो.

गुंतवणूक मात्र खरी होती. सप्टेंबरात विम्याचा हप्ता भरला, नोव्हेंबरात करबचतीची ठेव केली, मिळून एक लाख. पावत्या त्याच ड्रॉवरमध्ये, चिठ्ठ्यांच्या खाली. सतरा मार्चला स्टेपलरच्या पिना शोधताना त्या हाती लागल्या.

मी कागदावर हिशेब मांडला. एक लाखाच्या सुटीने एकतीस हजार कर वाचत होता. ते सगळे मार्चच्या पगारात येणार, अशी माझी पक्की समजूत झाली आणि मी संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगून टाकलं, “तुझ्या कोर्सचा पहिला हप्ता मी भरतो. तीस हजार. मार्चच्या पगारातून.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बरं.”

हा कोर्स म्हणजे काय ते सांगायला हवं. ती दवाखान्यात परिचारिका आहे. परिचारिकांना शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायची तिची फार वर्षांची इच्छा. मागच्या वर्षी तिने अर्ज भरून माझ्याकडे दिला होता, माझ्या वाटेवर ते कार्यालय होतं म्हणून. तो माझ्या बॅगेत नऊ दिवस राहिला. शेवटची तारीख सातव्या दिवशी होती. फलकावर लावली असती तर माझ्या लक्षात राहिली असती. तेव्हा ती भांडली नाही. या वर्षी अर्ज तिने स्वतः नेऊन दिला आणि प्रवेश मिळाला. दोन एप्रिलपर्यंत पहिला हप्ता भरायचा होता. मला तो भरायचा होता. मागच्या वर्षीचं माझ्या मनातून गेलं नव्हतं.

लेखा विभागातल्या बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि पन्नास पटींनी शांत आहेत.

“बोला, मुदतवाले.”

“एक छोटी विनंती होती.”

त्यांनी माझ्या पावत्या बघितल्या, मग भिंतीकडे बघितलं. तिथे माझीच सूचना चिकटवलेली होती. 

“ते वाक्य जरा कडक झालं,” मी म्हणालो.

“जानेवारीत भांडाराचे काका आले होते, बारा तारखेला,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, द्या, पगाराचे आकडे अजून बंद झाले नाहीत. पण दारातून सूचना वाचून ते परत गेले. म्हणाले, चालणार नाही म्हणून लिहिलंय. मी दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांना बोलावलं.”

मला खुर्चीत आणखी खाली सरकता आलं असतं तर मी सरकलो असतो.

“म्हणजे घेता येतं?”

“दहा जानेवारी ही आपली सोय आहे, कायदा नाही. वर्षातला शेवटचा पगार काढेपर्यंत मी पुरावे बघून कर नव्याने मोजू शकते. मार्चचे आकडे बावीसला बंद होतील. अर्ज लिहा, साहेबांची सही आणा.”

अर्जात मी ‘अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहिलं. त्यांनी ते वाचून विचारलं, “कारण काय होतं?” मी ते खोडून ‘माझ्या दिरंगाईमुळे’ असं लिहिलं. साहेबांनी हसत हसत सही केली, आणि ते हसू त्यांनी मला दिसू दिलं.

बाईंनी आकडे घातले. “झालं. मार्चमध्ये तुमचा कर शून्य. पंधरा हजार जास्त हातात येतील.”

“आणि बाकीचे सोळा?”

“ते तुम्ही विवरणपत्र भराल तेव्हा सरकार परत करेल.”

“पण तेही तुम्हीच कापलेत.”

“कापले आणि महिन्याच्या महिन्याला तुमच्या नावावर सरकारकडे भरले. आता ते आपल्या पेटीत नाहीत. पुढची कपात मी थांबवू शकते. मागची माझ्याकडून परत काढता येत नाही.” मग म्हणाल्या, “डिसेंबरात आला असतात तर चार महिन्यांवर सगळं बसवलं असतं. तेव्हा तर तुम्ही फलकाजवळच उभे होतात.”

होतो. चारही कोपऱ्यांना पिना मारत होतो.

घरी जाताना मी पुन्हा हिशेब केला. पंधरा हजार कमी पडत होते आणि मी शेखी मिरवून बसलो होतो. तोंडघशी पडायची मला सवय आहे, पण तिच्यापुढे दुसऱ्यांदा, तेही त्याच कोर्सवरून, हे मला सहन होत नव्हतं. जेवणं झाल्यावर मी सगळं सांगितलं, शून्याच्या रकान्यापासून ते सोळा हजारांपर्यंत. एक शब्द गाळला नाही.

“उरलेले मी कोणाकडून तरी हातउसने घेतो,” मी म्हणालो.

“नको,” ती म्हणाली. “हप्ता भरलाय मी.”

“कधी?”

“फेब्रुवारीत. माझी छोटी ठेव मोडली.”

“मग काल मी बोललो तेव्हा सांगितलं का नाहीस?”

ती उठली, कपाटातून पावती काढून माझ्यासमोर ठेवली. तारीख नऊ फेब्रुवारी होती. मुदतीच्या पन्नासेक दिवस आधी.

“तू इतक्या हौसेने बोलत होतास. आणि मागच्या वर्षी तुझ्यावर सोडलं होतं ना मी,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला फार लागलं. ज्या बायकोपुढे मी लाज राखायला धडपडत होतो, तिने मला वर्षापूर्वीच हिशेबातून वजा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो आणि फलकावरची सूचना काढून नवी लावली. ‘उशीर झाला असला तरी येऊन विचारावे.’ बाईंनी ती वाचली आणि तिथेच नवीन वर्षाचा कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. रकाने भरून मी तो घरी आणला आणि आधी तिला दाखवला. तिने एकेक आकडा नीट तपासला, खाली सही बघितली, आणि म्हणाली, “दे इकडे. उद्या जाताना मीच देते तुझ्या ऑफिसात.”