बावीस हजारांचा फरक

आमचा सासरा गणपतराव म्हणजे बेरजेचा वाघ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी गेली, त्यामुळं दुनियेत दोनच जाती मानतो, वजन मारणारे आणि सापडलेले. या आबांनी परवा मला दुसऱ्या जातीत टाकलं.

कळंब्याला आमचा लेथ आहे. माझा नवरा विश्वजित त्यावर व्यायामाचे लाकडी मुद्गल घडवतो, मी ते ऑनलाइन विकते. निम्मे आमच्या वेबसाइटवर, निम्मे एका मोठ्या ऑनलाइन बाजारात. धंदा मात्र आबांच्या नावावर. पॅन त्यांचं, जीएसटी त्यांचा, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. "घरात कर्ता एकच असतोय," म्हणे.

तर आबांनी महिन्याच्या ऑर्डरी बेरीज केल्या, बँकेत आलेले पैसे बेरीज केले, वजाबाकी मारली आणि बावीस हजार कमी निघाले. मला विचारलं? छे! थेट जयसिंगपूरला माझ्या भावाला, आदर्शला फोन. "पावणं, रविवारी या. पैसं कुठं जात्यात ते तुमच्या बहिणीला विचारा." म्हणजे मी माहेरी पोचवते! रविवारी हिशोब जुळला नाही तर लॅपटॉप आणि पासवर्ड पुतण्याच्या, राजवीरच्या हातात, असा हुकूम. राजवीरला अजून स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. डोकं असं फिरलं म्हणून सांगू! विश्वजितला म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, "जुळव की एकदाचं."

मग बसले. वेबसाइटवरचे पैसे आमच्या बँकेत पोचवणाऱ्या पेमेंट गेटवेचा रिपोर्ट उघडला आणि एकेका ऑर्डरीपुढं तिची वजावट लावली. चोवीसशेच्या मुद्गलावर दोन टक्के फी, अठ्ठेचाळीस रुपये. त्या फीवर अठरा टक्के जीएसटी, आठ रुपये चौसष्ट पैसे. बँकेत आले तेवीसशे त्रेचाळीस रुपये छत्तीस पैसे. परदेशी कार्ड असलं की फी तीन टक्के. एका पुणेकरानं मुद्गल 'फार जड' म्हणून परत केला. त्याचे पैसे पुढच्या भरण्यातनं कापले आणि फी काही परत आली नाही. महिनाअखेरच्या ऑर्डरींचे पैसे दोन दिवसांनी, पुढच्या महिन्यात पडले. ते आबांच्या बेरजेत कसे येणार? बाजारवाल्यांचं कमिशन आणि कुरिअर वेगळं. सगळं जुळलं, उरले साडेपाचशे.

रविवारी आदर्श मान खाली घालून बसलेला. आबांनी एकेक ओळ बोटानं तपासली. काटेवाला माणूस, पैसा न् पैसा बघितला, आणि साडेपाचशेवर बोट ठेवलं.

"आणि हे? हे कुणाच्या घशात?"

"तो कर हाय, आबा. बाजारवाले विक्रीतनं आधीच कापतात. जीएसटीपोटी शंभराला अर्धा रुपया, इन्कम टॅक्सपोटी हजाराला एक. आणि सरकारात भरतात."

"कुणाच्या नावानं?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. इन्कम टॅक्सच्या पानावर कापलेली एकेक रक्कम, वर नाव गणपतराव. जीएसटीच्या पानावर दोन वर्षांचे दहा हजारांवर रुपये, तेही त्यांच्याच नावानं, स्वीकारायचे पडून. ते स्वीकारल्याशिवाय कर भरायला वापरता येत नाहीत, आणि स्वीकारायला ओटीपी लागतो.

"मग स्वीकारलं न्हाय कुणी?" आबा गरजले.

"आपले रिटर्न भरणाऱ्या टॅक्सवाल्या सरांनी किती वेळा फोन केला तुम्हाला? रिटर्नचा ओटीपी देता, आणि हा मागितला की फ्रॉड म्हणून शिव्या घालून ठेवता. चोरानं पैसे तुमच्याच नावावर ठेवलेत, आबा."

विश्वजित फिस्सकन हसला. आबांनी बघितल्यावर खोकला. आदर्शनं मान वर केली.

"बरं बरं," आबा उठायला लागले. "पावणं, जेवून जावा. अनुजा, ताटं घे."

"ताटं राहू देत. ज्याच्यासमोर चोर म्हटलं, त्याच्यासमोरच बोला आता."

आबांनी घसा साफ केला, टोपी काढली, परत घातली. "चुकलं माझं," म्हणाले. केवढं भाषण तयार ठेवलं होतं मी! आणि आलं ते रडूच. रागाचं होतं ते, सांगून ठेवते.

डोळे पुसले आणि म्हटलं, "एक तारखेपासून ऑनलाइन विक्रीला माझ्या नावानं नवीन नोंदणी. मुद्गल तुमच्याकडनं विकत घेईन, रीतसर बिलावर."

"आणि न्हाय म्हटलं तर?"

"सांगलीला पण लेथ हायत की, आबा."

आबांनी विश्वजितकडं बघितलं. विश्वजित म्हणाला, "बिलबुक मी आणतो."