आधी नळी, मग नाव

वर्षभर झोपायचं आणि शेवटच्या आठवड्यात खडबडून जागं होऊन कर्मचाऱ्यांना कामाचे गुण वाटायचे, अशी त्या रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागाची जुनी रीत होती. विभागप्रमुख बाईंनी यंदा ती मोडायचं मनावर घेतलं. खरं सांगायचं तर ताईंसाठीच घेतलं.

ताई म्हणजे सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. बाईंना रक्ताच्या नमुन्याची नळी धरायला त्यांनीच शिकवलं होतं. "आधी नळी बघ, मग नाव. ओळखीचं नाव दिसलं की डोळे फसवतात," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतरची त्यांची मुदतवाढ आता अचूकतेच्या गुणांवर अडली होती. घरी त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. जे काय घर, ते इथंच.

बैठकीत व्यवस्थापकांनी फटकन निकाल लावला. "ताईंकडून एवढ्यातच दोनदा नमुन्यांची अदलाबदल झालीय. अचूकतेला पाचपैकी दोन."

"ताजं तेवढंच आठवतंय तुम्हाला!" बाई उसळल्या. "बाकी वर्ष काय त्या गोट्या खेळत होत्या? प्रत्येक तिमाहीच्या नोंदी काढू. आणि एकेकाला धरून सगळे रकाने भरायचे नाहीत. आधी सगळ्यांची अचूकता, मग सगळ्यांचं रुग्णांशी वागणं. नावं झाकून."

व्यवस्थापक कबूल झाले. नावांच्या जागी आकडे आले.

चार नंबरच्या नोंदी पाहून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येक तिमाहीत लेबलांची चूक, दर वेळी कुणीतरी निस्तरलेली. "याला कुणी ठेवलंय?" म्हणत त्यांनी दोन गुण दिले.

नावं उघडली. चार नंबर ताई होत्या.

बाईंनी जुना तक्ता काढला. गेल्या वर्षी याच रकान्यात त्यांनी डोळे मिटून पाच लिहिले होते. ताई रुग्णांशी मायेनं बोलतात, वेळेच्या आधी येतात, मग अचूकही असणारच! एका चांगुलपणाच्या उजेडात बाकीचं दिसलंच नव्हतं. वागणुकीचे पाच यंदाही त्यांनी कमी होऊ दिले नाहीत. पण मुदतवाढ गेली.

ताईंना सांगायला त्या स्वतःच गेल्या. मुदतवाढ मिळणार नाही म्हणत गुणांचा कागद पुढे केला, तोच त्यांना रडू फुटलं.

"नावं झाकली होतीस ना?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मग बरोबरच असणार. रडतेस काय वेडे? शिकलीस की."

ताईंनी कागद वाचायला घेतला. आधी लांब धरला, मग नाकाशी नेला, मग खिडकीकडे वळवला.

"ताई, दिसत नाही तुम्हाला?"

"धुरकट दिसतं गं. दीडेक वर्ष झालं. तू पाच दिलेस, तेव्हा वाटलं, चालतंय आपलं."