चाळीस दिवसांचा पुदिना

व्हिडिओ मी पाठवला होता. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं दुसऱ्यांच्या माथी मारल्यासारखं होईल.

मी मोनिका. सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. फरहीन माझ्या शेजारच्या टेबलावर, आणि खोलीही दोघींची एकच. ती नेवाशाची. हनुवटीवर, ओठावर आणि कानांपासून खाली जबड्यावर तिला केस. काळे आणि राठ. वर्षापूर्वी नगरच्या डॉक्टरणीनं सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि पीसीओएस सांगितलं. पाळी तीन-तीन महिने यायची नाही. गोळ्या दिल्या. फरहीननं दोन पाकिटं घेतली आणि मग तिची अम्मी मुबारकबीच्या कानावर कुणीतरी घातलं की या तर पोरं होऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या. कुंवाऱ्या पोरीला! गोळ्या बंद.

त्याच आठवड्यात मला तो व्हिडिओ आला. गोरीपान, गुळगुळीत बाई सांगते, पुदिन्याचा चहा दिवसातून दोनदा, तीस दिवसांत चेहरा साफ. मी फरहीनला पाठवला, तिनं अम्मीला. आणि मुबारकबीनं त्याचा चिल्ला केला.

चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा नेम. दर्ग्यात माणसं धरतात, बाळंतीण पाळते. मुबारकबीनं नेमच बांधला: सकाळ-संध्याकाळ चहा, गोळी नाही, आणि चाळीस दिवस ब्लेड न्हाई का धागा न्हाई. फोनवर म्हणाली, "ब्लेड लावलं तर पुदिन्याचा गुन कळनार कसा? आन ब्लेडनं केस जाड व्हतात, समद्यांना ठाऊक हाय."

चाळीसाव्याच दिवशी, रविवारी, शेवगावची माणसं फरहीनला बघायला येणार होती. मुलगा अझहर, टेम्पो स्वतःचा. फरहीनला तो पसंत होता. फोनवर दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा हसत खोलीत आली होती. म्हणजे सगळा डाव त्या पुदिन्यावर.

ती रोज पाल्याच्या काड्या खुडायची, पातेल्यात उकळायची, गाळून प्यायची. मोबाईलवर फोटो काढायची. विसाव्या दिवशी म्हणाली, "मोनिका, मला कमी वाटतायत गं. तुला?"

मला कमी वाटत नव्हते. मी म्हणाले, "हो, थोडे." ही माझी दुसरी चूक.

पस्तिसाव्या दिवशी लाईनवर तिचा मास्क घसरला. सुपरवायझर गोरक्षनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, "काय फरहीनभाई, दाढी ठेवताय का?" लोक हसले. बायकाही हसल्या, त्यांचं मला जास्त लागलं. मी टेपगन टेबलावर आपटली आणि विचारलं, "तुझ्या घरच्या बायकांचे केस कुठं कुठं आहेत, सांग की मग आम्हाला!" त्यानं दोघींची अर्ध्या दिवसाची रजा मांडली. मांडू दे. त्याच अर्ध्या दिवसात मी तिला नगरला नेलं.

डॉक्टरीण बारीक, चष्मेवाली, बोलायला तिखट. फाईल उघडून म्हणाली, "गोळी का थांबवली?"

फरहीननं चिल्ल्याचं सांगितलं. मला वाटलं बाई हसेल. हसली नाही. बीपी बघितलं, डोकं दुखतं का, पायाला सूज येते का विचारलं. मग पेन ठेवला.

"पुदिना अगदीच खोटा नाही," ती म्हणाली. "त्याचे दोन छोटे अभ्यास आहेत. एक तुर्कस्तानात, एकवीस बायका, पाच दिवस. दुसरा इंग्लंडात, बेचाळीस बायका, तीस दिवस. निम्म्यांना पुदिना, निम्म्यांना दुसऱ्याच पाल्याचा चहा. पुदिनावाल्यांच्या रक्तातलं पुरुषी हार्मोन उतरलं."

"मग?" फरहीन खुर्चीत पुढं सरकली.

"मग डॉक्टरांनी केस मोजले. फरक नाही. बायकांना स्वतःला मात्र वाटलं, कमी झाले."

फरहीननं माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"तीस दिवसांत दिसणारच नाही. केसाचं एक चक्र संपायला महिने लागतात. भारीतलं औषध दिलं तरी चेहऱ्यावर फरक दिसायला सहा महिने धर. पुदिन्यानं पुढं केस जातात का, हे अजून कुणी नीट बघितलेलंच नाही. आणि जो एकदा जाड झाला, तो चहानं बारीक होत नाही. तो काढावाच लागतो, ब्लेडनं नाहीतर लेझरनं."

"ब्लेडनं जाड होतो ना?"

"नाही. बोथट टोक बाहेर येतं, म्हणून राठ लागतो. मुळाला ब्लेड शिवतसुद्धा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चहा प्यायचा तर पी, बाजारातला पुदिना बहुतेक त्याच जातीचा असतो. पण गोळीच्या जागी नाही. ती नुसती केसांसाठी नव्हती. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, तो खरा धोका. आणि लग्न ठरलं तर आधी मला सांग. मूल हवं असेल तेव्हा औषध बदलावं लागतं."

"मूल होईल?"

"बहुतेकींना होतं. काहींना उपचार लागतात."

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. सुपं यायच्या आधी एवढंच म्हणाली, "तू खोटं का बोललीस गं, विसाव्या दिवशी?"

तिला बरं वाटावं म्हणून, असं म्हणणं म्हणजे अजून एक खोटं; व्हिडिओ माझा होता.

शनिवारी ती मला नेवाशाला घेऊन गेली. अम्मीशी रात्रभर भांडली. मुबारकबीचं एकच, "एक दिस राह्यला. नेम मोडू नको." रविवारी पहाटे फरहीननं मोरीत आरसा टेकवला आणि ब्लेड लावलं. मुबारकबी दाराशी उभी राहून रडली, पण आडवी आली नाही.

शेवगावच्या बायका आल्या. समोसे, शरबत, गप्पा. अझहरची आई गोड बाई. पोरीला जवळ बसवलं, साखर भरवली आणि मायेनं हनुवटी धरली. बोट थांबलं. परत फिरलं. सकाळचं ब्लेड दुपारी बोटाला लागतंच.

"पुदिन्यानं जातंय," मुबारकबी घाईनं म्हणाली. "चिल्ला केलाय. अजून धा-पंधरा दिसांत…"

"अम्मी, नको." फरहीन म्हणाली. "जात नाहीये. मला पीसीओएस आहे, खाला. केस राहणार, काढत राहायचे. औषध घेणार आहे, सहा महिन्यांनी थोडा फरक दिसेल. मूल होतं, कधी उपचार लागतात. अझहरलाही सांगा. लपवून निकाह नको मला."

अझहरच्या आईनं ओढणीला बोटं पुसली. खरंच पुसली. मी बघितलं. मग घड्याळ बघितलं, मग चपला. "कळवतो," म्हणाली. संध्याकाळी फोन आला: नको. अझहरचा आला नाही. हसवायला दोनदा फोन करता आला होता त्याला.

फरहीन चुलीपाशी बसून होती. मी मुबारकबीला म्हणाले, "मावशी, तो व्हिडिओ मी पाठवला होता. आणि कमी झाले म्हणून खोटंही मीच बोलले."

ती म्हणाली, "तू धाडलंस. मी बांधलं. भोगलं तिनं."

मग ताटातले थंड समोसे उचलले, पाव्हण्यांनी एकही नीट खाल्ला नव्हता, आणि आमच्या दोघींच्या पुढं ठेवले. स्वतःही एक घेतला. खाता खाता फरहीनला विचारलं, "डाक्टरीन सहा म्हैने म्हनली ना? आजपास्नं धरायचं का गोळी सुरू झाल्यापास्नं?"

"गोळी सुरू झाल्यापासून, अम्मी."

मुबारकबी बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवून महिने मोजायला लागली. चौथ्या पेरावर चुकली आणि पहिल्यापासून मोजायला लागली.