प्रमाणपत्राच्या चार ओळी

शिवांजली सॉफ्टवेअर टेस्टिंगची परीक्षा पास झाली, पण नळदुर्गच्या त्या घरात पेढा आला नाही. थोरला भाऊ रणधीर हायवेवरच्या अपघातात गेला, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं. वर्षश्राद्ध होईस्तोवर घरात गोडधोड नाही, सणवार नाही. दिवाळीत दारात पणतीसुद्धा लागली नव्हती.

पेढे टाळता येतात हो, पण लिंक्डइन कसं टाळणार? रणधीरचा पुण्यातला मित्र योगीराज सकाळीच फोनवर म्हणाला होता, "प्रमाणपत्र प्रोफाइलला जोड, चार ओळींची पोस्ट टाक. आमच्याकडं जागा निघालीय, साहेबांना आजच दाखवतो." नोकरी तर हवीच होती. पण वडिलांना न विचारता टाकायची तिची छाती नव्हती.

तिनं परीक्षेचं नाव, संस्था, महिना भरला. लगेच तयार वाक्य समोर आलं: नवं प्रमाणपत्र मिळाल्याचं कळवताना आनंद होतो आहे. त्या ॲपला काय माहीत, कुणाच्या घरात काय चाललंय! तिनं आनंद खोडला. अभिमान लिहिला, तोही खोडला. मग फोन घेऊन ओसरीवर वडिलांपुढं, उत्तरेश्वररावांपुढं बसली.

"आबा, गावात कुणाला सांगत न्हाय. नोकरीपुरतंच हाय."

"वाच."

तिनं इंग्रजीचं मराठी करत वाचलं. "सॉफ्टवेअर टेस्टिंगची पायाभूत परीक्षा उत्तीर्ण झाले. अजून बरंच शिकायचं आहे. ज्यांनी शिकवलं, त्यांची मी ऋणी आहे."

"ज्यांनी म्हंजी कुणी?"

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर रणधीरच शिकवायचा. नाव घातलं तर पुढं कैलासवासी लावावं लागेल, म्हणून तिनं ते टाळलं होतं.

"नाव घाल त्याचं," आबा म्हणाले. "नुसतं नाव. पुढं काय लावू नगं."

तिनं नाव टाइप करताच रणधीरचं प्रोफाइल वर आलं. हसरा फोटो, खाली पुण्यातली नोकरी. ते बंद करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. तिनं ते निवडून पोस्टला जोडलं आणि पोस्ट टाकली.

आत फोन वाजला. तिची आई सारजाबाई जवळजवळ पळतच बाहेर आल्या. हातात रणधीरचा फोन होता, काच तडकलेला. त्या तो रोज चार्ज करून ठेवायच्या. हल्ली त्याचं वाजणंही थांबलं होतं.

"रणधीरला कुणाचं तरी आलंय गं. बघ की."

आबांनी तोंड फिरवलं. शिवांजलीनं पडद्यावर आपलंच नाव वाचलं.

"माझंच हाय, आई. पास झाले म्हणून सांगितलं त्याला."

सारजाबाई फोनकडं बघत उभ्या राहिल्या. मग तो लेकीपुढं धरून हळूच म्हणाल्या, "ह्याच्यावरनं उत्तर कसं देत्यात, दाव मला. बहीण पास झाली, अन् भाऊ गप कसा ऱ्हाईल?"